शुक्रवारी माणूस जाणार, 27 फेब्रुवारीचं काय?

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीची सहाजणांची टीम समजा. काम एका नागरी सहकारी बँकेचं आहे. बँकेची कर्जखाती जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत न्यायची आहेत. गो-लाइव्ह, म्हणजे बँक प्रत्यक्ष नव्या प्रणालीवर काम सुरू करण्याचा दिवस, फेब्रुवारीतला चौथा शनिवार, 27 तारीख. सोमवारी, 11 जानेवारीला दुपारी टीममधली एक जण टीम लीडला बाजूला बोलावते आणि सांगते, की घरची अडचण आहे, शुक्रवारनंतर येणं जमणार नाही. डेटा मायग्रेशनचं जवळजवळ सगळं काम तिनेच केलेलं आहे.

हे उदाहरण रचलेलं आहे, पण पुणे, मुंबई, नागपूरच्या कोणत्याही आयटी ऑफिसात ते ओळखीचं वाटेल. करारात नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड असतो, तरी प्रत्यक्षात माणूस आठवड्यात जाऊ शकतो. कधी नवी कंपनी नोटिशीचे पैसे भरते, कधी आजारपण येतं, कधी कोणी न सांगताच यायचं थांबतं. कंपनी नोटिशीच्या दिवसांचा पगार मागू शकते, रिलीव्हिंग लेटर अडवून धरू शकते, पण कोणालाही जबरदस्तीने कामावर बसवू शकत नाही. ज्या करारात माणसाच्या व्यक्तिगत कौशल्यावर सगळं अवलंबून असतं, तो करार पुरा करायला लावण्याचा हुकूम कोर्ट देत नाही. 1963 च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 14 मध्ये हे स्पष्ट आहे. त्यामुळे ‘तिला थांबवू’ हा पर्याय टीम लीडने पहिल्या तासातच मनातून काढून टाकलेला बरा. हाती आहेत ते शुक्रवारपर्यंतचे चार दिवस, आणि मॅनेजरला सांगायचं बाकी आहे.

बहुतेक लीड इथे दोन-तीन दिवस थांबतात. आधी नीट अंदाज घेऊ, काहीतरी उपाय काढू, मग सरांकडे जाऊ, असं त्यांना वाटतं. हेतू चांगला असतो. पण या प्रकरणात मॅनेजरच्या हातात असलेले बरेचसे उपाय त्या दोन-तीन दिवसांतच संपतात. दुसऱ्या प्रोजेक्टवरून माणूस मागायचा, तर जाणाऱ्या व्यक्तीबरोबर बसायला त्याला बुधवारपर्यंत मिळायला हवं. पुढच्या सोमवारी मिळाला तर तोच माणूस निम्म्याहून कमी उपयोगाचा. म्हणून बातमी दोन टप्प्यांत द्यावी असं माझं मत आहे. त्याच संध्याकाळी अर्धवट, पण खरी माहिती द्यायची. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आकडे आणि पर्याय द्यायचे.

सोमवारचा निरोप तोंडी द्यावा आणि मग दोन ओळींत लिहून ठेवावा. तो साधारण असा:

‘सर, मायग्रेशनचं काम बघणारी आपली सहकारी वैयक्तिक कारणाने शुक्रवारी, 15 तारखेला थांबते आहे. एचआरला तिने कळवलंय. 27 फेब्रुवारीच्या तारखेवर परिणाम होणार हे नक्की, किती ते अजून सांगता येत नाही. उद्या दुपारी दोनपर्यंत आकडे आणि पर्याय घेऊन येतो. तोपर्यंत बँकेला काही बोललेलो नाही. एक गोष्ट मात्र आजच हवी आहे: पूर्वी आपल्या टीममध्ये असलेला, आता विम्याच्या प्रोजेक्टवर असलेला डेव्हलपर तीन आठवड्यांसाठी मिळेल का, हे विचाराल का?’

या निरोपात जाण्याचं कारण लिहिलेलं नाही. घरात कोण आजारी आहे, काय झालं आहे, हे त्या व्यक्तीने सांगायचं असेल तर सांगेल. असा मेल पुढे चार जणांकडे जातो आणि वर्षानुवर्षं राहतो. मॅनेजरच्या निर्णयालाही त्याची गरज नसते. ‘शुक्रवारनंतर नाही’ एवढं पुरतं. कामाचे जुने हिशेबही इथे काढू नयेत. कागदपत्रं तयार नव्हती, सगळं एकाच माणसावर सोडलं होतं, हे खरं असेलही. पण त्याची चर्चा गो-लाइव्हनंतर करावी. आज तो विषय निघाला की बैठकीतला अर्धा वेळ त्यातच जातो.

आता मंगळवारच्या दुपारपर्यंतचं काम. उशीर किती, हे काढायचं कसं?

सरळ हिशेब असा मांडला जातो: तिचं अठरा दिवसांचं काम राहिलं आहे, दुसरा माणूस बसवला की तोही अठरा दिवसांत करील. हा हिशेब इथे चालत नाही. काम किती राहिलं याच्याइतकंच महत्त्वाचं आहे ते म्हणजे झालेल्या कामातलं किती फक्त तिलाच माहीत आहे. त्याचा पहिला अंदाज पाच मिनिटांत येतो. टीम आपला कोड गिटमध्ये ठेवत असेल, तर मायग्रेशनच्या फोल्डरमध्ये कोणी किती वेळा बदल केले हे एका आज्ञेने दिसतं:

```
git shortlog -sn HEAD -- migration/
```

प्रत्येकाच्या नावापुढे आकडा येतो. एका नावापुढे मोठा आकडा आणि बाकीच्यांपुढे किरकोळ आकडे दिसले, की ज्ञान कुठे साठलं आहे ते समजतं. अर्थात बदलांची संख्या म्हणजे समज नव्हे. एखाद्याने फक्त कोड तपासला असेल आणि त्याला सगळं ठाऊक असेल, असंही होतं. म्हणून आकडा पाहून झाला की तिलाच विचारायचं: ‘यातलं असं काय आहे, जे कोड वाचून कळणार नाही?’

आपल्या उदाहरणात उत्तर मिळतं ते दंडव्याजाचं. हप्ता थकला की बँका पूर्वी व्याजाच्या दरातच भर घालून दंडव्याज लावत. रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाने ते थांबवलं. दंड आकारायचा असेल तर तो वेगळं शुल्क म्हणून आकारायचा आणि त्या शुल्कावर पुढे व्याज चढवायचं नाही. नव्या कर्जांना हा नियम 1 एप्रिल 2024 पासून लागू झाला. जुन्या कर्जांना त्यांच्या पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी, पण उशिरात उशिरा 30 जून 2024 पर्यंत लागू करायचा होता. नागरी सहकारी बँकाही यात आल्या. आता आपल्या बँकेच्या जुन्या प्रणालीत दंडव्याज आणि दंडशुल्क दोन्ही एकाच रकान्यात पडलं आहे. कोणती रक्कम कोणत्या प्रकारची, हे खात्याच्या नूतनीकरणाची तारीख पाहून ठरवावं लागतं. शिवाय काही शाखांनी ती तारीखच चुकीची भरली आहे. कोणत्या शाखा, हे तिला माहीत आहे. बँकेच्या अधिकाऱ्यांशी फोनवर बोलून तिने एकेक शाखा सोडवली. कोडमध्ये दिसतात ते फक्त शाखांचे क्रमांक आणि त्यांच्यापुढे एक अट. ती अट का आहे, हे कुठेही लिहिलेलं नाही.

हे समजल्यावर हिशेब मांडता येतो. 12 जानेवारी ते 26 फेब्रुवारी, प्रजासत्ताक दिन आणि शिवजयंती वगळून, कामाचे 32 दिवस आहेत. मूळ आखणीत त्यांची वाटणी अशी होती: उरलेला कोड 8 दिवस, मग पाच-पाच दिवसांच्या दोन मॉक रन, म्हणजे खऱ्या डेटावर केलेल्या रंगीत तालमी. त्यानंतर बँकेच्या लोकांनी तपासण्यासाठी, म्हणजे यूएटीसाठी, 10 दिवस आणि शेवटच्या तयारीला 4 दिवस. बेरीज बरोबर 32. राखीव दिवस एकही नव्हता. ही गोष्टही मॅनेजरला सांगायची असते, कारण ‘थोडं ताणून घेऊ’ म्हणताना मोकळे दिवस कुठेतरी पडलेले आहेत असं गृहीत धरलेलं असतं.

टीममधल्याच दुसऱ्या कोणाला हे काम दिलं तर समजून घ्यायला 6 ते 8 दिवस लागतील. कोडचं 8 दिवसांचं काम त्याला 12 दिवसांचं होईल. मॉक रनमध्ये चूक सापडली तर ती शोधायला आणखी एक-दोन दिवस जातील. सगळं मिळून उशीर 10 ते 14 कामाच्या दिवसांचा, म्हणजे दोन ते तीन आठवड्यांचा. इथे एकच ठाम आकडा देण्याचा मोह टाळावा. ‘बारा दिवस’ असं म्हटलं की मॅनेजर ते पुढे कळवतो, आणि तेराव्या दिवशी दुसऱ्यांदा उशीर झालेला असतो. पल्ला सांगावा, आणि तो कशामुळे कमी किंवा जास्त होईल तेही सांगावं.

पण दोन-तीन आठवडे हे फक्त कामाचं मोजमाप झालं. बँकेच्या दृष्टीने उशीर किती, हे काढायला बँकेचं कॅलेंडर पाहावं लागतं. प्रणाली बदलायची तर लागून दोन दिवसांची सुट्टी हवी. शुक्रवारी व्यवहार बंद झाल्यावर डेटा हलवायचा आणि सोमवारी सकाळी शाखा उघडायच्या. सप्टेंबर 2015 पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, म्हणून अशी कामं त्या शनिवारांना जोडून आखली जातात. आपली तारीख दोन-तीन आठवड्यांनी सरकली की ती मार्चच्या मध्यावर येते. तेव्हा बँक वर्षअखेरीच्या तयारीत असते. वसुली, तरतुदी, 31 मार्चचा ताळेबंद आणि पाठोपाठ लेखापरीक्षण, या दिवसांत कुठलीही शहाणी बँक कर्जाच्या प्रणालीला हात लावू देत नाही. आपल्या बँकेने 5 मार्च ते 15 एप्रिल बदलबंदी ठेवली आहे असं धरू. मग पुढचा मोकळा चौथा शनिवार 24 एप्रिलला येतो. म्हणजे तीन आठवड्यांचं काम आणि आठ आठवड्यांचा उशीर.

मॅनेजरसाठी ही सगळ्यात मोलाची माहिती आहे आणि निरोपातून नेमकी हीच बहुधा सुटते. ‘दोन-तीन आठवडे’ ऐकून मॅनेजर मनातल्या मनात 13 मार्चचा दुसरा शनिवार धरतो आणि बँकेशी तसं बोलून बसतो. म्हणून मंगळवारच्या निरोपात कामाचा उशीर आणि तारखेचा उशीर वेगवेगळे मांडायला हवेत. उशिराच्या पोटात दडलेले खर्चही त्याच्याजवळच ठेवावेत. जुन्या प्रणालीच्या देखभालीचा वार्षिक करार, म्हणजे एएमसी, 31 मार्चला संपत असेल तर बँकेला तो निदान एका तिमाहीसाठी वाढवावा लागेल. त्याचे पैसे कोणी द्यायचे हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येणार. आपल्या करारात उशिराबद्दल दंडाची रक्कम लिहिलेली असेल, तर ते कलम टीम लीडने मॅनेजरला दाखवून ठेवावं. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 74 नुसार अशी लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते आणि मिळते ती वाजवी भरपाई. पण त्यावर काय बोलायचं हे कंपनीच्या वकिलाने ठरवावं. लीडचं काम कलम नजरेस आणण्यापुरतं.

आता पर्याय. इथे पहिली सूचना वरूनच येते: ‘दोन माणसं जास्त घे.’ फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएममध्ये सिस्टीम/360 च्या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम सांभाळलं होतं. त्या अनुभवावर त्यांनी 1975 मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक लिहिलं. उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो, हा त्यातला नियम आजही ब्रुक्स यांच्याच नावाने ओळखला जातो. कारणं दोन आहेत. नव्या माणसाला शिकवायला जुन्याच माणसाचा वेळ जातो. आणि माणसं वाढतात त्याहून वेगाने आपसातल्या बोलण्याच्या जोड्या वाढतात. सहा जणांत अशा 15 जोड्या होतात, नऊ जणांत 36. ब्रुक्स यांनी स्वतःच हे सूत्र ठोकळ असल्याचं म्हटलं होतं, आणि त्याला अपवाद आहेत. ज्याला काम आधीपासून ठाऊक आहे, त्याला शिकवावं लागत नाही. आपल्या उदाहरणात विम्याच्या प्रोजेक्टवर गेलेला तो जुना डेव्हलपर असा अपवाद आहे. जुन्या प्रणालीचे टेबल त्याने वर्षभर हाताळले आहेत. त्याला समजून घ्यायला 6 ते 8 नाही, 2 ते 3 दिवस लागतील. बेंचवरून मिळालेला माणूस हुशार असेल, पण त्याचे आठ दिवस ठरलेलेच. आणि बाजारातून नवी भरती म्हणाल, तर येणाऱ्यालाही नव्वद दिवसांची नोटीस असते. तो एप्रिलमध्ये रुजू होईल.

दुसरा उपाय कामच कमी करण्याचा. उरलेल्या 8 दिवसांच्या कोडमध्ये 3 दिवसांचं काम बंद झालेल्या कर्जखात्यांच्या जुन्या नोंदी हलवण्याचं आहे. या खात्यांवर आता व्याज लागत नाही, हप्ता येत नाही. लेखापरीक्षकाने किंवा ग्राहकाने जुना उतारा मागितला तरच त्या नोंदी लागतात. त्या काही महिने जुन्या प्रणालीत फक्त पाहण्यापुरत्या ठेवल्या आणि मे महिन्यात हलवल्या, तर चालू कामकाज अडत नाही. बँकेची संमती मात्र हवी. आणि जुनी प्रणाली तोवर चालू ठेवायची, तर एएमसीचा विषय याही वाटेवर उभा राहतो, थोड्या लहान रकमेचा का होईना. हे झाकून पर्याय मांडला, तर दोन आठवड्यांनी बँकेचा आयटी अधिकारी तेच विचारील.

काय कापायचं नाही, हेही याच वेळी सांगून टाकावं. दडपण आलं की सगळ्यांची नजर यूएटीच्या दहा दिवसांवर जाते, कारण तिथे ‘फक्त तपासायचं असतं’. कर्जखात्यांच्या बाबतीत ही काटछाट घातक आहे. व्याज चुकीचं लागलं तर ते गो-लाइव्हच्या दिवशी दिसत नाही. महिनाअखेरीला व्याज आकारलं जातं, तेव्हा हजारो खात्यांत एकदम दिसतं, आणि त्या वेळी परत फिरायला जुनी प्रणाली हाताशी नसते. दुसरी मॉक रन गाळण्याबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. पहिल्या रनमध्ये चुका सापडतात आणि त्या खरंच दुरुस्त झाल्या का, हे फक्त दुसरीत कळतं.

शनिवार-रविवार काम करून दिवस भरून काढणं हा तिसरा मार्ग प्रत्येक बैठकीत निघतो. त्याला मर्यादा आहे. कोड लिहिणं शनिवारी होऊ शकतं, पण बँकेचे अधिकारी शाखा सोडून रविवारी यूएटीला बसणार नाहीत. शिवाय एक जण नुकताच गेलेल्या टीमला सहा आठवडे सुट्टी न देता राबवलं, तर दुसरा राजीनामा येण्याची शक्यता वाढते. दोन ठरावीक शनिवार मागावेत, आधी सांगून, बदली सुट्टी देऊन. ‘गरज पडेल तसं’ असं सांगून मागू नयेत.

हे सगळं जमलं की मंगळवारचा निरोप लिहिता येतो. तो एका पानाच्या आत बसला पाहिजे, कारण मॅनेजर तो फोनवर वाचणार आहे आणि त्यातलं अर्धं उचलून वर पाठवणार आहे. साधारण असा:

‘सर, कालच्या विषयाचे आकडे. आपण काहीच केलं नाही तर काम 10 ते 14 दिवस मागे पडेल. बँकेची बदलबंदी 5 मार्चला सुरू होते, म्हणून प्रत्यक्षात गो-लाइव्ह 24 एप्रिलला जाईल. मूळ आखणीत राखीव दिवस नव्हते.

पहिला पर्याय: विम्याच्या प्रोजेक्टवरचा डेव्हलपर उद्यापासून तीन आठवडे आणि बंद खात्यांच्या नोंदी मे महिन्यात. यात 2 ते 3 दिवस मागे पडू, ते शेवटच्या चार दिवसांतून काढता येतील. 27 फेब्रुवारी गाठता येईल, पण हातात एक-दोन दिवसच उरतील. बँकेची संमती लागेल.

दुसरा पर्याय: आताच 24 एप्रिल जाहीर करायचा, सगळं काम पूर्ण करायचं. धोका कमी, पण टीम आठ आठवडे जास्त अडकेल आणि बँकेला जुन्या प्रणालीचा करार वाढवावा लागेल.

माझी शिफारस पहिल्या पर्यायाची आहे, एका अटीवर: 3 फेब्रुवारीला पहिल्या मॉक रनचा ताळा पाहून आपण नक्की ठरवू. तो जुळला नाही तर त्याच दिवशी 24 एप्रिल. बँकेला ही दोन्ही तारखांची कल्पना या आठवड्यातच द्यावी असं वाटतं.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. डेव्हलपरबद्दल उद्या सकाळी अकरापर्यंत हो किंवा नाही, आणि बँकेशी कोण बोलणार ते. उद्या तो मिळाला नाही तर पहिला पर्याय संपतो, कारण शुक्रवारनंतर त्याला समजावणारं कोणी नाही.’

शेवटचं वाक्य धमकीसारखं वाटेल म्हणून अनेक जण ते गाळतात. ते ठेवावं. मॅनेजरच्या टेबलावर असे पाच विषय पडलेले असतात आणि कोणता आज हातात घ्यायचा, हे तो अशाच वाक्यावरून ठरवतो.

त्यावरचं एक उत्तर ठरलेलं आहे: ‘ते सगळं ठीक आहे, पण तारीख हलता कामा नये. कसंही कर.’ इथे ‘बघतो सर’ म्हणून उठणं सोपं असतं, आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात उघड होणारा उशीर बहुधा इथेच जन्माला येतो. वाद घालायचं कारण नाही. तारीख पक्की मानून तिची किंमत समोर ठेवायची: ‘तारीख ठेवू. मग डेव्हलपर उद्या हवा आणि बंद खाती बाजूला ठेवायला बँकेचा होकार शुक्रवारपर्यंत हवा. यातलं एक जरी नाही मिळालं तरी 27 ला मी हो म्हणू शकत नाही, आणि हे मी आज सांगतोय.’ नंतर हे संभाषण दोन ओळींच्या मेलमध्ये लिहून पाठवायचं. दोघांची आठवण दीड महिन्यानंतर वेगळी होऊ नये, एवढाच त्यामागे हेतू.

बँकेला कळवणं लीडने परस्पर करू नये. बँकेच्या आयटी अधिकाऱ्याशी रोजचं बोलणं असलं तरीही. पण लपवूही नये. त्या अधिकाऱ्याचा शुक्रवारनंतर तिला फोन जाईल आणि ती सोडून गेल्याचं त्याला तिथून समजेल. तसं झालं तर त्यानंतरच्या प्रत्येक तारखेवर तो शंका घेईल.

उरलेल्या तीन दिवसांतल्या केटीबद्दल थोडं. जाणाऱ्याला ‘सगळं लिहून दे’ असं सांगायची पद्धत आहे. मनाने अर्धी घरी पोचलेली व्यक्ती जे लिहून देते, त्यात नेमकं कोडमधून कळणारंच असतं. त्यापेक्षा बुधवारी नवा माणूस कीबोर्डवर बसवावा आणि तिने शेजारी बसून पाहावं. मायग्रेशन पहिल्या पायरीपासून त्याने चालवायचं. जिथे तो अडेल तिथे ती बोलेल, आणि ते स्क्रीनसह रेकॉर्ड करून ठेवायचं. ‘थांब, त्याआधी त्या चार शाखांची फाइल बदलावी लागते’ असं वाक्य लिहून द्यायला सांगितलं तर सुचत नाही, चूक होताना पाहिली की लगेच तोंडात येतं. गुरुवारी दंडव्याजाच्या शाखा, प्रत्येकीपुढे कारण आणि बँकेत कोणाशी बोलणं झालं ते. शुक्रवारी तिच्या लॅपटॉपवर पडलेल्या, गिटमध्ये न गेलेल्या स्क्रिप्ट, पासवर्ड कोणाच्या नावावर आहेत, रात्री आपोआप चालणारी कामं कोणाच्या खात्यातून चालतात. शेवटची गोष्ट विसरली जाते. तिचं लॉगिन बंद झालं की ती कामं शनिवारी रात्री मुकाट्याने थांबतात आणि सोमवारी कोणालातरी कळतं. नंतर तिला फोन करता येईल का, हे तिलाच मोकळेपणी विचारावं, आणि ती हो म्हणाली तरी आखणीत ते धरू नये.

मग येतो 3 फेब्रुवारी, बुधवार. पहिली मॉक रन संपते. त्या दिवशी मॅनेजरला काय दाखवायचं, हे जानेवारीतच ठरवून ठेवावं, नाहीतर ‘बऱ्यापैकी झालंय’ अशा शब्दांवर निर्णय होतो. मोजायच्या गोष्टी साध्या आहेत. प्रत्येक शाखेची, कर्जाच्या प्रत्येक प्रकारातली खात्यांची संख्या जुन्या-नव्यात सारखी आहे का. एकूण येणे बाकी रुपया-पैशांत जुळते का. आणि निवडलेल्या काही खात्यांवर, विशेषतः त्या चार शाखांमधल्या थकीत खात्यांवर, दोन्ही प्रणालींनी पुढच्या महिनाअखेरीचं व्याज आणि दंडशुल्क सारखंच काढलं का. पहिल्या दोन्ही जुळल्या आणि तिसरीत फरक आला, तर एकूण बेरीज बरोबर असूनही दंडाची वाटणी चुकली आहे असं समजावं. फरक एकाच नियमात बसत असेल तर दुसऱ्या रनपर्यंत तो दुरुस्त होऊ शकतो आणि 27 टिकते. प्रत्येक शाखेत फरकाचं कारण वेगळं निघालं, तर 27 सोडून द्यावी आणि त्याच संध्याकाळी मॅनेजरला लिहावं: ‘सर, ताळा जुळला नाही, तीन शाखांत तीन वेगळी कारणं आहेत, यादी सोबत आहे. ठरल्याप्रमाणे 24 एप्रिल. बँकेशी उद्या सकाळी बोलू. एएमसी वाढवायला त्यांच्याकडे अजून आठ आठवडे आहेत.’